दोरवाले साहेब

साहेबांचा आवाज चढला की आरोपीचे नातेवाईक निर्धास्त होत. आवाज चढला म्हणजे साक्षीदार फुटला, नाहीतर पोलिसांनी पंचनाम्यात घोळ घातला, असं गोंदियाच्या कोर्टात सगळ्यांना ठाऊक होतं. भीती वाटायची ती आवाज उतरला की. शिक्षेवर बोलायला साहेब उभे राहत तेव्हा इतके हळू बोलत, की न्यायाधीश पंखा बंद करायला सांगत. त्या शांततेत, तोंडातली लवंग गालाकडे सरकवून, ते मृत्युदंड मागत. सरकारी वकील म्हणून त्यांनी तो किती वेळा मागितला हे मी कधी मोजलं नाही, पण व्हरांड्यातल्या लोकांनी त्यांचं नाव पाडलं होतं, दोरवाले साहेब. त्यांना ते माहीत होतं. एकदा मला म्हणाले, "दोर कायद्याचा आहे. मी नुसता बोट दाखवून राहिलो."

गोंदिया जिल्हा नवा झाला त्या वर्षी मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून लागले. आमचं गाव नवेगाव बांधकडचं. घरात बुद्धाची तसबीर, आणि आईला माझी नोकरी अजिबात पसंत नव्हती. "माणसाले मारा म्हणते त्याच्याकडे कायले काम करून राहिली?" असं ती दर सुट्टीला विचारायची. मी साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. आईचं बरोबर आहे म्हणाले, पण काम शिकायचं असेल तर ये. मी गेले.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक गोष्ट शिकवली. कलम वाचायचं नाही, कलमातला "तथापि" वाचायचा. कायदा पहिल्या ओळीत जे देतो ते पुढच्या ओळीत काढून घेतो, आणि खटला त्या दुसऱ्या ओळीत असतो. मी कुठलंही कलम वाचून दाखवू लागले की ते डोळे मिटून ऐकत आणि "तथापि", "परंतु", "काहीही असले तरी" असा शब्द आला की टेबलावर बोट आपटत. दुसरी शिकवण निकालाच्या दिवशीची होती. शिक्षा सुनावली जाताना बाकीचे वकील कागद आवरतात. साहेब आरोपीच्या तोंडाकडे पाहत उभे राहायचे. मला खाली मान घातलेली पाहून एकदा म्हणाले, "मागणं आपण मागतलं ना? मंग पाहाचं बी आपणच."

सालेकसा गावचा खटला त्याच वर्षी आमच्याकडे आला. तेंदूपत्त्याचा एक ठेकेदार, त्याची बायको आणि म्हातारी आई, तिघांचा भल्या पहाटे घरात कुऱ्हाडीनं खून झाला होता. मुलगी सुनीता गोंदियाच्या वसतिगृहात होती म्हणून वाचली. संशय ठेकेदाराचा भागीदार नरेश याच्यावर होता, पण तो त्याच दिवशी नाहीसा झाला. हाती लागला तो त्याची जीप चालवणारा तुळशीराम. कुऱ्हाड त्याच्या घरामागे सापडली होती. पोलीस नरेशला राजनांदगाव, दुर्गकडे शोधत राहिले. तो तोवर मुंबईहून विमानानं इंग्लंडला गेला होता, हे पुढे कितीतरी वर्षांनी कळलं.

सुनीता तेव्हा दहावीत होती. मामाबरोबर ती साहेबांकडे आली, आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाली, की दोघांनाही फाशी झाली पाहिजे. साहेब कोणाला कधी शब्द देत नसत. पक्षकाराला नाही, पोलिसांना नाही, मंत्र्याच्या माणसालासुद्धा नाही. त्या दिवशी त्यांनी दिला. "मी आहे तोवर दोघंही सुटत नाई, बेटा. दोघांसाठीही तेच मागन." मी बाजूला उभी होते. ती गेल्यावर साहेब बराच वेळ लवंगेची डबी हातात घेऊन बसले होते.

तुळशीरामचा खटला एकट्याचाच चालला. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की मी तिथे नव्हतोच. कुऱ्हाड कोणीतरी आणून टाकली. तो दोषी ठरला. साहेबांचा आवाज उतरला. पंखा बंद झाला. ते म्हणाले, की हा नुसता नोकर नाही, यानंही घाव घातले, आणि म्हातारीचाही जीव घेणाऱ्या माणसावर दया करायला समाजाकडे काही उरत नाही. न्यायाधीशांनी मृत्युदंड दिला. साहेबांनी तुळशीरामकडे पाहिलं. मीही पाहिलं. तो कठड्याला धरून उभा होता आणि बायको कुठे बसली आहे ते शोधत होता.

पुढची पायरी ठरलेली असते. सत्र न्यायालयानं दिलेली फाशी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. नागपूरनं ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयानं अपील फेटाळलं. राज्यपालांकडचा दयेचा अर्ज फेटाळला गेला. राष्ट्रपतींकडचा अर्ज दिल्लीत जाऊन पडला, आणि तुळशीराम नागपूरच्या तुरुंगात फाशी यार्डात वाट पाहत राहिला. दयेच्या अर्जातही त्यानं तेच लिहिलं होतं. मी तिथे नव्हतोच.

नरेश सापडला तेव्हा इंग्लंडमधल्या एका लहान गावात किराणा दुकान चालवत होता. आंतरराष्ट्रीय पोलिसांकडे त्याच्या नावाची लाल सूचना, म्हणजे रेड कॉर्नर नोटीस, होती, आणि पासपोर्ट नूतनीकरणाला गेला तेव्हा ती पुढे आली. तिथल्या पोलिसांनी त्याला धरलं. राज्य सरकारनं साहेबांना या प्रकरणासाठी विशेष सरकारी वकील नेमलं. त्यांचं वय झालं होतं, निवृत्तीच्या गोष्टी चालल्या होत्या, पण सुनीतेचं नाव ऐकल्यावर ते नाही म्हणाले नाहीत.

माणूस परत मागणं म्हणजे वॉरंट पाठवणं नव्हे, हे मला त्या महिन्यांत समजलं. गृह खात्याकडून दिल्लीला, दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून तिकडच्या सरकारला, असा रस्ता. सोबत वॉरंट, दोषारोपपत्र, साक्षीदारांचे जबाब, ओळखीसाठी फोटो आणि बोटांचे ठसे. सगळं इंग्रजीत, सगळं दंडाधिकाऱ्यासमोर शपथेवर, पानापानावर शिक्का. सालेकशाच्या एका साक्षीदार बाईनं "जीप जाऊन राहिली होती" म्हटलं ते इंग्रजीत नेमकं कसं लिहायचं, यावर मी आणि साहेब अर्धा दिवस भांडलो. तिकडच्या न्यायालयाला आपले पुरावे पाहून पहिली खात्री पटली पाहिजे, की या माणसाला उत्तर द्यायला लावण्याइतकं यात काहीतरी आहे. आपलं म्हणणं तिथे मांडणार तेही त्यांचेच सरकारी वकील. आपण फक्त कागद पाठवायचे आणि थांबायचं.

मग लंडनहून प्रश्न आला. नरेशच्या बॅरिस्टरनं न्यायालयापुढे तुळशीरामच्या निकालाची प्रत ठेवली होती, आणि त्यात साहेबांचं शिक्षेवरचं भाषण जसंच्या तसं भाषांतर करून लावलं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. याच गुन्ह्यात, याच कायद्याखाली, याच सरकारी वकिलानं एकाला फाशीची शिक्षा मिळवली आहे. माझ्या अशिलाला तिकडे दिलं तर त्याचंही तेच होईल. इंग्लंडनं फाशी कायमची बंद केलेली. युरोपाच्या मानवी हक्कांच्या करारानं त्यांना बांधून घातलेलं, की जिथे मरणाची खरी शक्यता आहे तिथे माणूस हवाली करायचा नाही. त्यांच्या कायद्यानं मंत्र्यालाही हात बांधून दिले होते. न्यायाधीशानं पाठवा म्हटलं तरी, फाशी होणार नाही किंवा दिली तरी अमलात आणणार नाही, अशी लेखी आणि पुरेशी हमी मिळाल्याशिवाय मंत्री सही करू शकत नव्हता.

साहेब ते कागद वाचत होते तेव्हा मी समोर बसले होते. स्वतःची वाक्यं परक्या देशातून स्वतःविरुद्ध पुरावा म्हणून परत आलेली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि मला प्रत्यार्पणाचा कायदा काढायला सांगितला. त्यातलं कलम चौतीस क मी मोठ्यानं वाचलं. इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी, ज्या देशात त्या गुन्ह्याला मृत्युदंड नाही त्या देशानं परत दिलेल्या आरोपीला, आपल्याकडे त्या गुन्ह्याला मृत्युदंड असला तरीही, फक्त जन्मठेपच होईल. साहेबांचं बोट टेबलावर आपटलं नाही.

मी म्हटलं, मग अडचण काय? सरकारनं हमी द्यायची, संपलं.

"हमी दिल्लीची," ते म्हणाले. "खटला राज्याचा. शिक्षा न्यायाधीशाची. तिकडचा वकील विचारन, दिल्लीनं कबूल केलं ते गोंदियाचा न्यायाधीश काऊन मानन? त्याले उत्तर हे कलम आहे. हे सरकारचं आश्वासन नाई, न्यायाधीशालेच बांधते."

मग त्यांनी स्वतः शपथपत्र लिहिलं. परत आलेल्याला मृत्युदंड मागायचा अधिकारच सरकारी वकिलाला उरत नाही, द्यायचा अधिकार न्यायालयाला उरत नाही, आणि ज्या गुन्ह्यासाठी दिला त्याशिवाय दुसऱ्या जुन्या गुन्ह्यात त्याला ओढताही येत नाही, हे सगळं कलमांसकट. तुळशीरामबद्दल त्यांनी एकच वाक्य लिहिलं. तो भारतातच पकडला गेला, म्हणून त्याला हे कलम लागू नाही. ते लिहिल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "म्हणजे जो पळाला तो वाचला. जो घरी बसला तो दोरावर. आन दोन्ही बाजूच्या कागदावर सही माहीच."

शपथपत्र दिल्लीला जाण्याआधी सुनीतेला सांगायला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. कायद्यानं त्याची गरज नव्हती. कुटुंबाची परवानगी कोणी विचारत नाही. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, शब्द कायद्यानं नव्हता दिला. सुनीता तोवर नर्स झाली होती, गोंदियाजवळ कुडव्याला दोन खोल्यांत राहायची. आम्ही स्कूटरवर गेलो. ती नुकतीच ड्युटीवरून आली होती. तिनं चहा टाकला, आणि साहेबांनी तो होण्याची वाटसुद्धा न पाहता सांगून टाकलं. नरेशला आणायचं असेल तर फाशी सोडावी लागेल. नाहीतर तो येणारच नाही.

ती चुलीकडे तोंड करून उभी राहिली. मग म्हणाली, "तुमी मले शब्द देल्ला होता."

"होय. मोडाले आलो."

"दुसऱ्याच्या देशाचा कायदा आमच्या घरच्या तीन माणसांवर काऊन?"

साहेबांनी तिला समजावलं, आणि मी त्यांना इतकं सोपं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, त्यांनी त्यांच्या घरात ठरवलं, की सरकारनं माणूस मारायचा नाही. आता शेजाऱ्यानं दार वाजवून माणूस मागितला, आणि शेजारी मारणार हे माहीत असून त्यांनी तो दिला, तर मारण्यात त्यांचाही हात आला. म्हणून ते आधी वचन मागतात. आपणही जगाच्या एका करारावर सही केली आहे. त्यात फाशी बंद करा असं नाही, पण ती फक्त सगळ्यांत भयंकर गुन्ह्याला, पोराला नाही, पोटुशीला नाही, आणि ज्याला झाली त्याला दया मागायचा हक्क, असं आहे. जग हळूहळू ती शिक्षा आवळून आणत आहे. आपण मध्येच उभे आहोत.

सुनीतेनं विचारलं, "आन तो ड्रायव्हर?"

साहेबांनी लवंगेची डबी उघडली आणि तशीच मिटली. तिनं पुन्हा विचारलं नाही. चहा आम्ही घेतला नाही, तिनं दिलाही नाही. दाराशी ती एवढंच म्हणाली, "आणा त्याले. पन मले पुन्हा शब्द देऊ नका."

लंडनच्या न्यायालयानं पुरावा पुरेसा मानला. मग अपील. मग मंत्र्याकडे कागद. दिल्लीची हमी, साहेबांचं शपथपत्र, चौतीस क, सगळं तिकडे होतं, आणि तरी आम्हाला खात्री नव्हती. एक वाक्य कच्चं ठरलं असतं तर तो माणूस तिथेच सुटला असता, आणि पुन्हा कधी मिळाला नसता. साहेब त्या काळात कोर्टात कमी आणि गावी शेतावर जास्त असायचे. धानाच्या बांधावर बसून, हातात काही न घेता. मी फोन केला की पहिला प्रश्न एकच, आलं का? शेवटी आलं. मंत्र्यानं सही केली होती. पोलीस पथक जाऊन त्याला घेऊन आलं, आणि नरेश जाडसर कोट घालून गोंदियाच्या कोर्टात उभा राहिला, आमच्या उन्हाळ्यात.

खटल्यातला सगळ्यांत कठीण भाग तेव्हा सुरू झाला. दहा वर्षांत अर्धे साक्षीदार मेले होते. मेलेल्यांचे जबाब, आरोपी फरार असताना नोंदवलेले, कायद्यानं वाचता येतात, पण ते जीपबद्दल होते. घरात काय झालं हे सांगणारा एकच जिवंत माणूस होता, आणि तो फाशी यार्डात होता. दोषी ठरलेला असला तरी वेगळ्या खटल्यात तो साक्षीदार होऊ शकतो. मात्र त्याचा दयेचा अर्ज अजून दिल्लीत होता, आणि त्यात लिहिलं होतं, मी तिथे नव्हतोच. साक्ष द्यायची तर शपथेवर सांगावं लागणार, की मी तिथे होतो.

आम्ही नागपूरला गेलो. तुरुंगाच्या खोलीत तुळशीरामला आणलं. केस पांढरे झाले होते, अंगानं अर्धा उरला होता. साहेबांनी बसायला सांगितलं नाही तोवर तो बसला नाही. साहेबांनी त्याला आधी हे सांगितलं, की मी तुला काही देऊ शकत नाही. शिक्षा कमी करायचं आश्वासन नाही, शिफारस नाही. दिलं तर नरेशचा वकील म्हणेल साक्ष विकत घेतली, आणि ती वाया जाईल. वर, तू खरं बोललास तर तुझा अर्ज खोटा ठरेल, कदाचित फेटाळलाही जाईल. हे सगळं त्यांनी सावकाश सांगितलं, दोनदा. मला वाटलं, हा माणूस आता आमच्या तोंडावर थुंकेल.

तुळशीरामनं विचारलं, "त्याले बी होईन का? फाशी?"

"नाई. त्याले होऊच शकत नाई."

"काऊन?"

"तिकडे पळाला म्हणून."

पहारेकऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं. मग तुळशीराम म्हणाला, "बोलतो मी. पन त्याले समोर बसवा. त्याच्या तोंडावर बोलतो."

त्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. सुनीता पहिल्या बाकावर होती. तुळशीरामला बेड्या काढून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं, नरेश समोर. साहेबांनी प्रश्न थोडे विचारले. तुळशीरामनं सांगितलं, की जीप त्यानं आणली, कुऱ्हाड नरेशनं आणली. घाव नरेशनं घातले, सगळे. मग कुऱ्हाड नेऊन टाक म्हणाला.

"आणि तू काय करत होतास?" साहेबांनी विचारलं.

"मी दार धरलं होतं, साहेब. म्हातारी आली पळत. माह्या पायाले हात लावला. मले नावानं हाक मारली तिनं. मी दार नाई सोडलं."

मी सुनीतेकडे पाहायचं टाळलं आणि मग पाहिलं. ती ताठ बसली होती, दोन्ही हात बाकाच्या कडेला घट्ट. नरेशचा वकील उलटतपासणीला उठला. त्यानं विचारलं, की मान वाचवायला हे सगळं रचलंस ना? सरकारनं काय कबूल केलं तुला? तुळशीराम म्हणाला, कोणी काही दिलं नाही. वकिलानं अर्ज पुढे केला, त्यावरची सही दाखवली. यात तू तिथे नव्हतास असं लिहिलंस, मग खोटं तेव्हा की आता? तुळशीरामनं सहीकडे पाहिलं. "तवा," तो म्हणाला. "तवा मराची भीती होती." मग म्हणाला, "आता बी आहे."

त्या साक्षीनं साहेबांचं स्वतःचं जुनं भाषण मोडलं. यानंही घाव घातले, असं त्यांनी त्या वेळी सांगितलं होतं. घाव त्यानं घातलेच नव्हते. दार धरणंही कायद्यानं खूनच, त्यात शंका नाही. पण ज्या वाक्यावर दोर बांधला गेला ते वाक्य खरं नव्हतं, आणि ते आम्हाला त्या पिंजऱ्यातून कळलं.

नरेश दोषी ठरला. शिक्षेवर बोलायला साहेब उठले आणि न्यायाधीशांनी सवयीनं पंखा बंद करायला सांगितलं. साहेब स्पष्ट, नेहमीच्या आवाजात म्हणाले, की कायद्यानं मला एवढंच मागता येतं आणि मी तेवढंच मागतो, जन्मठेप. ते बसले. नरेशकडे त्यांनी पाहिलं, पण फार वेळ नाही. त्यांची नजर साक्षीदाराच्या रिकाम्या पिंजऱ्याकडे होती.

त्यानंतर त्यांनी सरकारी काम सोडलं. तुळशीरामचं वकीलपत्र त्यांना घेता येत नव्हतं. ज्या बाजूनं उभे राहिलो तिच्या उलट बाजूनं त्याच प्रकरणात उभं राहायचं नाही, हा वकिलीचा नियम आहे. माझंही तेच. म्हणून दयेचा नवा अर्ज तुळशीरामच्या बायकोनं केला, दुसऱ्या वकिलाकडून, आणि साहेबांनी त्या अर्जाला, खटल्यातल्या सरकारी वकिलाचं निवेदन म्हणून, आपलं पान जोडलं. त्यात रडगाणं नव्हतं. शिक्षा मी मागितली होती. ज्या कारणासाठी मागितली ते चुकीचं होतं. ज्यानं मारलं तो कायद्यानं जगणार आहे, ज्यानं दार धरलं तो कायद्यानं मरणार आहे. त्यानं साक्ष दिली तेव्हा त्याला काही मिळणार नव्हतं. इतकंच. मी ते टाइप केलं. एका ठिकाणी मी "खेद वाटतो" असं घातलं होतं, ते त्यांनी खोडलं. "खेद माह्या घरचा आहे," म्हणाले. "राष्ट्रपतीले त्याचं काय काम?"

सुनीतेकडे त्यांनी मला एकटीला पाठवलं. तिचं म्हणणं अर्जासोबत गेलं तर वजन पडेल, हे आम्हा दोघांना माहीत होतं. तिनं अर्ज पूर्ण वाचला. म्हणाली, की सही करणार नाही. आजीनं ज्याचे पाय धरले त्याच्यासाठी सही करायचा हात तिच्याकडे नाही. मी उठले तशी म्हणाली, की पोलीस विचारायला आले तर विरोध आहे असंही सांगणार नाही.

दिल्लीत काय चाललं होतं कळायला मार्ग नव्हता. अर्ज गृह मंत्रालयात जातो, राज्याचं मत मागवतात, मग फाइल वर जाते, आणि कोणी काही सांगत नाही. वाट पाहण्यात दोन पावसाळे गेले. साहेबांना मधुमेहानं पोखरलं. पायाचं एक बोट काढलं, मग पाय. ते गावी पलंगावर पडून असायचे. मी जायचे तेव्हा खटल्यांबद्दल विचारत, मला सरकारी वकिलाच्या यादीत घेतलं याचा आनंद झाला होता त्यांना. शेवटच्या भेटीत मी सांगितलं, की एका खुनाच्या खटल्यात वरून मला मृत्युदंड मागायला सांगताहेत. मला वाटलं, ते मागू नको म्हणतील. त्यांनी विचारलं, "घाव कोणं घातला, हे तुले माहीत आहे का?" मी म्हटलं, साक्षीदार सांगतात. ते म्हणाले, "मी ते नाई विचारलं." त्यानंतर त्यांना झोप लागली. त्या खटल्यात मी जन्मठेप मागितली. वरच्यांनी लेखी विचारणा केली, मी लेखी उत्तर दिलं.

साहेब गेले तेव्हा मळणी चालू होती. वकील आले, पोलीस आले, जुने न्यायाधीश आले. तुळशीरामची बायको आली होती, लांब बाभळीखाली उभी. कोणी तिला ओळखलं नाही आणि तिनंही कोणाला काही सांगितलं नाही.

आदेश त्यानंतरच्या उन्हाळ्यात आला. राष्ट्रपतींनी शिक्षा बदलून जन्मठेप केली होती. कारण लिहिलेलं नव्हतं, अशा आदेशात कारण लिहीत नाहीत. साहेबांचं पान कोणी वाचलं की नाही, हे मला कधीच कळणार नाही. तुळशीरामच्या बायकोला घेऊन मी नागपूरला गेले. तुरुंगानं त्याला आधीच सांगितलं होतं. जाळीपलीकडून त्यानं बायकोकडे घरची चौकशी केली, शेताची, पोरांची. मग माझ्याकडे वळून साहेब कसे आहेत विचारलं. मी सांगितलं. त्यानं जाळीला बोटं लावली. नरेश त्याच तुरुंगात होता, दुसऱ्या बराकीत. निघताना तुळशीराम म्हणाला, "म्हणजे आता मी आन तो, सारखेच."

परतीच्या वाटेवर ते वाक्य मला टोचत राहिलं. गोंदियाला उतरून मी सरळ कुडव्याला गेले. सुनीता दारातच होती, आपल्या मुलीची वेणी घालत. मी तिला आदेशाचं सांगितलं, आणि तुळशीराम काय म्हणाला तेही. तिनं वेणी पुरी केली, रिबीन बांधली, मुलीला खेळायला पिटाळलं.

"सारखे नाईत," ती म्हणाली. "एकानं दार धरलं, एकानं मारलं. साहेबाले ते उशिरा कळलं, पन कळलं." मग ती कंगव्यातले केस काढत म्हणाली, "आमच्या घरून तीन गेले. त्यायच्यापायी चवथा जीव नाई गेला. बरं झालं."